सहा बाय आठच्या पिशवीतला मोगरा

जूनमध्ये पहिला बरा पाऊस झाला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखाद्या छोट्या नर्सरीची जाहिरात हमखास फिरायला लागते. पाण्याच्या टाकीची सफाई आणि पार्किंगची भांडणं यांच्या मधोमध ती येते, आणि साधारण अशी असते:

‘पावसाळी सेल! बटमोगरा ६×८ – ७० रु. देशी लाल जास्वंद ६×८ – ५० रु. कढीपत्ता ५×७ – ३० रु. कागदी लिंबू, गुटी, ८×१० – १८० रु. सोनटक्का कंद – ४० रु. किमान ऑर्डर ५०० रु. पॅकिंग-कुरिअर वेगळं. पार्सल सोमवार-मंगळवारी निघेल. फोटो प्रातिनिधिक.’

भाव इथे नमुन्याचे आहेत, ते गावागणिक आणि वर्षागणिक बदलतात. बाकी मजकूर मात्र सगळीकडे जवळपास हाच. लोक त्यातले फोटो आणि भाव पाहतात, यादी करतात आणि पैसे पाठवून मोकळे होतात. कामाची माहिती असते ती मधल्या रुक्ष शब्दांत: ६×८, गुटी, प्रातिनिधिक, सोमवार-मंगळवार. रोप गॅलरीत जगेल की नाही, याचा निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो.

६×८ हे पिशवीचं माप आहे, रोपाचं नाही. शिवाय ते रिकाम्या, चपट्या पिशवीचं माप: सहा इंच रुंद, आठ इंच उंच. माती भरली की पिशवी गोल होते आणि तिचा व्यास जेमतेम पावणेचार इंच उरतो. तळाची घडी आणि वरची मोकळी कडा सोडली तर मातीची उंची सहा इंच. म्हणजे ७० रुपयांत आपण एका लिटरच्या आसपास माती आणि तेवढ्यात मावतील एवढी मुळं घेतो. ८×१०च्या पिशवीत हाच हिशेब अडीच लिटरच्या पुढे जातो. त्यामुळे दोन नर्सऱ्यांचे भाव शेजारी ठेवून बघताना आधी पिशवी बघावी. एकाचा मोगरा ४० रुपयांना आणि दुसऱ्याचा ७० ला, तर पहिला बहुधा ४×६च्या पिशवीत असतो, आणि त्याची मुळं धड धरलेली आहेत की नाहीत याची खात्री नसते.

‘गुटी’ हा शब्द लिंबाच्या बाबतीत महत्त्वाचा. कागदी लिंबाची बियांपासून केलेली रोपं बहुतांशी आईच्या झाडासारखीच निघतात, त्यामुळे जातीची फसवणूक फारशी होत नाही. प्रश्न वेळेचा असतो. बियांचं झाड फळावर यायला चार-पाच वर्षं सहज घेतं, आणि कुंडीत त्याहूनही जास्त. गुटी कलमात फळ देणाऱ्या झाडाच्याच फांदीवर साल काढून, ओलं शेवाळ बांधून मुळं फोडलेली असतात. ती फांदी वयाने मोठी असल्याने दोन-तीन वर्षांत फुलं धरते. जाहिरातीत नुसतं ‘लिंबू’ लिहिलं असेल तर ते बियांचं समजावं आणि विचारून घ्यावं. मोगरा आणि जास्वंद हे छाट कलमाने, म्हणजे फांदीचा तुकडा लावून होतात. तिथे हा प्रश्न येत नाही.

कढीपत्त्याची गंमत वेगळी. पाच बाय सातच्या पिशवीत तो इतका दाट दिसतो की ३० रुपयांत झुडूपच मिळालं असं वाटतं. जवळून पाहिलं तर ती पाच-सहा वेगवेगळी रोपं असतात, एकाच पिशवीत बिया टाकून उगवलेली. ती सगळी तशीच कुंडीत लावली की एकमेकांच्या तोंडचा घास ओढतात आणि वर्षभर वीतभरच राहतात. उपटून वेगळी करायला जाऊ नये, कढीपत्त्याचं सोटमूळ दुखावलं की ते रोप सावरत नाही. दोन जोमदार ठेवून बाकीची जमिनीलगत कात्रीने कापावीत. आमटीच्या फोडणीला तेवढीच पानं.

‘प्रातिनिधिक’ फोटोबद्दल फार चिडू नये. पुण्याहून सोलापूर रस्त्याने उरुळी कांचन, सोरतापवाडी या बाजूला गेलात तर दुतर्फा हिरव्या जाळ्यांखाली रोपांच्या रांगा लागतात. तिथल्या एखाद्या लहान नर्सरीतही शेकड्यांनी पिशव्या असतात, आणि प्रत्येकीचा फोटो काढायला कुणाला वेळ नसतो. पण ऑर्डर पक्की करण्याआधी ‘आज लॉटमध्ये जी रोपं आहेत त्यांचा एक फोटो टाका’ असं म्हणायला हरकत नाही. धंदा नीट करणारा माणूस लगेच टाकतो. त्या फोटोत फुलं मोजत बसू नका. फुलांनी लगडलेलं एवढंसं रोप दिसायला छान, पण प्रवासात फुलं-कळ्या गळणारच. टोकाला कोवळी पालवी आहे का आणि पिशवीच्या भोकांतून जाड मुळं बाहेर आलीत का, हे पाहा. पालवी असली तर छाट कलम बहुधा लागलेलं आहे. जाड मुळं बाहेर आली असतील तर ते रोप गेल्या वर्षीचं, पिशवीत अडकून पडलेलं. सेलमध्ये असा जुना माल निघतोच. तो टाकाऊ नसतो, पण त्याला लावताना जास्त काम पडतं आणि त्या मानाने भाव कमी हवा.

मग सेल पावसाळ्यातच का? जाळीखाली वाढलेलं रोप मे महिन्यात प्रवासाला काढलं तर पानांतून पाणी जातं जास्त आणि दुखावलेली मुळं ओढतात कमी. दोन दिवसांत ते सुकतं. जूनअखेर हवेतच ओल असते, ढगांमुळे ऊन मऊ असतं, त्यामुळे पानांची मागणी कमी होते आणि मुळांना सावरायला वेळ मिळतो. नर्सरीवाल्याची मर कमी होते म्हणून तो कमी भावात देऊ शकतो. हे झालं प्रवासाचं आणि पहिल्या पंधरवड्याचं. त्यानंतर मात्र हाच पाऊस गॅलरीतल्या रोपाच्या मुळावर येतो.

ऑर्डर देताना ‘सोमवार-मंगळवार’ ही अट नर्सरीवाल्याने स्वतःहून घातली असेल तर तो अनुभवी आहे असं समजा. शुक्रवारी निघालेलं पार्सल रविवारी कुठल्यातरी गोदामात अंधारात पडून राहतं. रोपाला दोन-तीन दिवस बंद खोक्यात चालतात; पाचव्या दिवशी पानं पिवळी पडून गळायला लागतात. दुसरी गोष्ट वजनाची. सहा बाय आठची ओली पिशवी दीड ते दोन किलो भरते, म्हणजे पाच रोपांचं पार्सल आठ-दहा किलोंचं होतं आणि कुरिअर रोपांच्या किमतीशी बरोबरी करतं. त्यावर दोन उपाय आहेत. एक, सोसायटीतल्या आठ-दहा घरांनी मिळून ऑर्डर द्यायची आणि नर्सरीवाल्याला टेम्पोने आणून द्यायला सांगायचं. पुणे-मुंबईच्या आसपास बरेच जण ठरावीक रकमेच्या वर हे करतात, आणि रोप उभंच्या उभं येतं. दुसरा, वजन कमी व्हावं म्हणून काही नर्सऱ्या मुळांची माती बरीचशी काढून ओल्या कोकोपीटमध्ये गुंडाळून पाठवतात. मोगरा, जास्वंद, सोनटक्का याला हे चालतं. बोगनवेल आणि कढीपत्ता मात्र मातीसकटच मागवावेत.

पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यायचं ते एवढंच: रोप मेलेलं निघालं तर काय? बहुतेक जण पार्सल उघडतानाचा व्हिडिओ २४ तासांत मागतात आणि रोप बदलून देतात, पण बदलीच्या रोपाचं कुरिअर कोणी भरायचं हे आधी ठरलेलं नसेल तर तिथे वाजतं. आणि पानं गळालेलं रोप म्हणजे मेलेलं रोप नव्हे. अनंत, लिंबू, कढीपत्ता ही मंडळी प्रवासाचा राग पानांवर काढतात. खोडाला नखाने हलकंसं खरवडून पाहायचं. आत हिरवं, ओलसर असेल तर जीव आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर थोडं खाली खरवडायचं, आणि बुंध्यापर्यंत तसंच असेल तरच तक्रार करायची.

आता मोगऱ्याचं रोप घरी आलं असं धरू. ठिकाण मुंबई, चौथा मजला, पश्चिमेची गॅलरी, जूनचा शेवटचा आठवडा. पहिल्या दिवशी फक्त खोकं उघडायचं, रोप उभं करायचं आणि भिंतीलगत, जिथे पावसाची झड येत नाही पण उजेड आहे अशा जागी ठेवायचं. पिशवीतली माती कोरडी असेल तरच पाणी. पाच-सहा दिवस त्याला हात लावायचा नाही. नवी कुंडी, नवी माती आणि खत हे सगळं एकाच दिवशी करायची घाई बरेच जण करतात, आणि प्रवासाने दमलेल्या मुळांवर दुसरा घाव घालतात.

खरी अडचण पिशवीतल्या मातीत आहे. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत विकायला असलेला बराच माल आंध्र प्रदेशातल्या कडियमहून येतो. राजमहेंद्रीजवळचा हा गाव म्हणजे देशातलं मोठं रोपांचं आगर. तिथली रोपं बहुधा गोदावरीकाठच्या चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. इथे तयार केलेली असली तर लाल मातीत. दोन्ही मातींचा नर्सरीवाल्याला फायदा असतो: गोळा फुटत नाही, शेकडो मैल ट्रकमधून जातो, आणि जाळीखाली एक दिवसाआड पाणी दिलं तरी पुरतं. गॅलरीत आपण हा गोळा उचलून कोकोपीट आणि गांडूळखताच्या भुसभुशीत मिश्रणात बसवतो. मग एकाच कुंडीत दोन प्रकारच्या जमिनी तयार होतात. गोळा एकदा वाळून कडक झाला की वरून घातलेलं पाणी त्याला बगल देऊन भुसभुशीत भागातून तळाला निघून जातं, आणि कुंडी ओली असूनही रोप तहानलेलं राहतं. पावसाळ्यात उलटं होतं. बारीक कणांची चिकण माती भोवतालच्या मिश्रणातलं पाणी स्वतःकडे खेचते आणि सोडत नाही. वरचं कोकोपीट बोटाला कोरडं लागतं म्हणून आपण आणखी पाणी घालतो, आणि गोळ्यातल्या मुळांना आठवडाभर हवा मिळालेली नसते. मुळांनाही श्वास लागतो. पाण्याने सगळ्या फटी भरल्या की ती गुदमरतात आणि मग कुजवणारी बुरशी शिरते.

म्हणून लावताना गोळा सैल करायचा. कडक असेल तर पिशवीसकट बादलीभर पाण्यात बुडवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण पंधरा-वीस मिनिटं. मग पिशवी ब्लेडने उभी चिरायची, रोप खोडाला धरून ओढायचं नाही. बाहेरची अर्धा ते एक इंच माती बोटांनी चोळत आणि नळाच्या बारीक धारेखाली काढून टाकायची, मधला गाभा तसाच ठेवायचा. तळाशी गोल गोल फिरलेली मुळं असतील तर कात्रीने कापायची. मोगरा आणि जास्वंद हे सहन करतात. बोगनवेलीची मुळं नाजूक आणि ठिसूळ. तिच्या गोळ्याला फक्त चार उभ्या चिरा द्यायच्या आणि तसाच बसवायचा.

कुंडी आठ इंची. यावर लोकांचा विश्वास बसत नाही, कारण एकदाच मोठी घेतली की दरवर्षीची कटकट नको असं वाटतं. आठ इंची कुंडीत चार-साडेचार लिटर मिश्रण मावतं, म्हणजे पिशवीच्या चौपट. बारा इंची कुंडीत चौदा-पंधरा लिटर. एवढ्याशा मुळांना त्यातलं दोन-तीन लिटरमधलंच पाणी ओढता येतं, बाकीची माती पावसाळाभर नुसती भिजत राहते आणि आंबते. उन्हाळ्यात मोठी कुंडी क्षम्य आहे, आषाढात नाही. शिवाय बारा इंची कुंडी भिजली की वीस किलोंच्या पुढे जाते, आणि अशा डझनभर कुंड्या कठड्याला टांगण्याआधी इमारतीचं वय आठवावं.

कुंडी रिकामी असताना उलटी करून भोकं पाहा. प्लॅस्टिकच्या बऱ्याच कुंड्यांना भोकांच्या जागी नुसत्या खुणा असतात. त्या आपण पाडायच्या असतात हे कोणी सांगत नाही. आणि तळाशी विटांच्या तुकड्यांचा दोन इंच थर देण्याची आपली घरोघरची पद्धत आता सोडून द्यावी. निचरा वाढावा म्हणून ती आहे, पण होतं उलटं. भिजलेला स्पंज आडवा धरून ठिबकणं थांबू द्या आणि मग उभा करा. पुन्हा पाणी ठिबकतं, तरीही खालची कड ओलीच राहते. मातीचंही तसंच. निचरा होऊन गेल्यावरही मातीच्या तळाचे एक-दोन इंच पाण्याने भरलेले राहतात. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या तुकड्यांच्या पोकळीत सहजी उतरत नाही, त्यामुळे तो भिजट थर खापऱ्यांच्या वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकातून माती वाहू नये म्हणून एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे. त्यापेक्षा कुंडी दोन विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा. गुळगुळीत फरशीवर टेकलेल्या कुंडीची भोकं बंद होतात, आणि पावसाळ्यातलं निम्मं पाणी त्यानेच साचतं.

मिश्रण पावसाळ्यापुरतं वेगळं करावं: लाल माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, आणि एक भाग काहीतरी भरड. विटांचा चुरा ज्वारीच्या दाण्याएवढा चाळून घेतला तर उत्तम; भाताचं जुनं तूस चालतं, पर्लाइटही चालतं. कोकोपीट पाणी धरून ठेवण्यासाठीच असतं, ते मार्च-एप्रिलला उपयोगी. आत्ता घालायचंच तर मूठभर. शेणखतात ट्रायकोडर्माची पूड आधीच मिसळली तर कुजवणाऱ्या बुरशीला आळा बसतो, पण एकदा कुजायला लागलेल्या मुळांवर ती औषध नाही. रोप बसवताना जुन्या गोळ्याचा वरचा पृष्ठभाग नव्या मिश्रणाच्या पातळीत उघडा राहू द्या. खोड मातीत गाडलं जात नाही आणि पुढे ओल तपासायलाही तो उघडा भाग उपयोगी पडतो. काठाखाली एक इंच मोकळा, हलकंसं दाबायचं, एकदा भरपूर पाणी, आणि बारीक काठीचा आधार. नवं खत तीन आठवडे नाही.

इथून पुढे गॅलरीची दिशा ठरवते. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या गॅलऱ्यांत झड थेट येते आणि पूर्वेच्या, उत्तरेच्या गॅलऱ्यांत डोक्यावर स्लॅब असल्याने बाहेर धो धो पडत असतानाही कुंडी कोरडी राहू शकते. ‘पाऊस पडतोय, झाडांना पाणी कशाला?’ म्हणून पूर्वेच्या गॅलरीतली तुळस जुलैत सुकते, हे दृश्य नवं नाही. शहराचाही फरक आहे. एकट्या जुलैत सांताक्रूझला सरासरीने जेवढा पाऊस पडतो तेवढा पुण्यात शिवाजीनगरला वर्षभरातही पडत नाही. मुंबईच्या पश्चिमेच्या गॅलरीतला सल्ला पुण्याच्या पूर्वेच्या गॅलरीत लावला तर रोप मरायला वेळ लागत नाही.

आपल्या मुंबईच्या मोगऱ्याला म्हणून भिंतीलगतची जागा, झडीपासून दीड-दोन फूट आत. कठड्यावरची जागा सोनटक्का, अळू यांना द्यावी. त्यांना पाय ओले असलेले आवडतात आणि वाऱ्यात पानं फाटली तरी ते मनावर घेत नाहीत. पाणी घालायचं की नाही हे वरच्या मातीला बोट लावून ठरवू नये. विझलेल्या उदबत्तीची काडी जुन्या गोळ्यात तीन इंच खुपसून दहा मिनिटं ठेवायची. ओली, माती चिकटलेली निघाली तर आज पाणी नाही. गडद पण स्वच्छ निघाली तर उद्या बघू. कोरडी निघाली तर भरपूर पाणी, तळातून निघेपर्यंत. मुंबईत जुलैत असे आठ-आठ दिवस जातात की एकदाही पाणी घालावं लागत नाही.

कुंडीखालची ताटली पावसाळाभर काढून ठेवलेली बरी. मुळांसाठी तर खरंच, पण डेंग्यूचा डासही असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. खालच्या मजल्यावर गळतं म्हणून ताटली ठेवावीच लागली तर ती आठवड्यातून एकदा नुसती ओतून चालत नाही, घासून वाळवावी लागते, कारण अंडी कडेला चिकटून कोरडीही टिकतात.

आता बिघडलं तर ओळखायचं कसं? तहानेने आणि गुदमरून, दोन्हीने पानं मलूल होतात, तिथेच गल्लत होते. तहानलेलं रोप दुपारी माना टाकतं आणि पाणी मिळाल्यावर काही तासांत उभं राहतं. मुळं कुजलेलं रोप सकाळीही मलूलच असतं, कुंडी हाताला जड लागते, खालची पानं आधी पिवळी होतात आणि पाणी घातल्यावर ते आणखी झुकतं. खात्री करायची तर रोप कुंडीतून काढून एक मूळ चिमटीत ओढायचं. निरोगी मूळ टणक असतं. कुजलेल्या मुळाची साल मोज्यासारखी निघून येते, मध्ये दोरा उरतो, आणि आंबूस वास येतो. निम्म्याहून जास्त मुळं टणक असतील तर वाचवता येतं: सगळी जुनी माती धुऊन टाकायची, कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापायची, वरच्या फांद्या तिसऱ्या हिश्श्याने कमी करायच्या आणि पुन्हा छोट्याच कुंडीत, भरड मिश्रणात लावून सावलीत ठेवायचं. खत अजिबात नाही. मुळं त्याहून जास्त गेली असतील तर फांद्यांची वीतभर लांबीची छाट कलमं करून लावावीत. दमट हवेत मोगऱ्याची छाट सहज धरते, आणि सत्तर रुपये वाया जात नाहीत.

ऑगस्टमध्ये पाऊस उघडीप देतो तेव्हाचं ऊनही जपायला हवं. जाळीखाली वाढलेल्या आणि महिनाभर ढगांत राहिलेल्या पानांना पश्चिमेचं दुपारचं ऊन एकदम लागलं की कडा करपतात. तीन-चार दिवस जुनी सुती ओढणी कठड्याला बांधली तरी भागतं. याच काळात पिठ्या ढेकूण जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखा दिसू लागतो. थोडा असताना जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने तो जातो, पसरल्यावर फांदीच कापावी लागते. गोगलगायी रात्री येतात आणि सकाळी फक्त पानांची चाळण दिसते. टॉर्च घेऊन नऊ-दहाला एकदा फेरी मारली तर त्या हाताने वेचता येतात.

ग्राहकांचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘याला फुलं कधी येणार?’ जाहिरातीतल्या फोटोत मोगरा पांढराशुभ्र असतो, पण जुलैत लावलेला मोगरा दसऱ्यापर्यंत मुख्यतः पानं काढतो. अधूनमधून चार कळ्या आल्या तर आल्या. त्याचा हंगाम उन्हाळा. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी पुन्हा रोजचं करायचं आणि कुंडी पुढे, उन्हात सरकवायची. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं, त्याहून कमी मिळणाऱ्या गॅलरीत तो हिरवागार राहतो आणि फुलत नाही. अशी गॅलरी असेल तर यादीतून मोगरा काढून त्याच पैशांत गवती चहा आणि पानओवा मागवावा. डिसेंबरात आठ-दहा दिवस पाणी कमी करायचं, महिनाअखेरीस किंवा जानेवारीच्या सुरुवातीला फांद्या निम्म्यावर छाटायच्या, उरलेली पानं काढून टाकायची, वरची दोन इंच माती बदलून दोन मुठी शेणखत घालायचं आणि पाणी पुन्हा सुरू करायचं. नव्या फुटीच्या टोकांवर फेब्रुवारी-मार्चपासून कळ्या धरतात. पहिला बहर ओसरला की फुलून गेलेल्या फांद्यांची दोन-दोन पेरं खुडायची, म्हणजे दुसरा येतो. मेअखेर तो बहर संपला आणि भोकांतून मुळं डोकावू लागली की पुढची कुंडी दहा इंची.